घरातील संगणक आणि राउटर ४५ मिनिटे चालवायचे असतील, तर यूपीएस कसा निवडावा?

चौकस (धागाकर्ता)

नमस्कार. माझे काम घरूनच चालते आणि वीज गेल्यावर सुरू असलेली बैठक पूर्ण करून, फायली जतन करून संगणक नीट बंद करता यावा, एवढी माझी गरज आहे. त्यासाठी ४५ मिनिटे पुरेशी आहेत. टेबलावर एक डेस्कटॉप (त्याच्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या आतल्या पेटीवर, ४५० वॉट असे लिहिले आहे), २४ इंची मॉनिटर, वायफाय राउटर आणि फायबरची छोटी पेटी, म्हणजे ओएनटी, इतकीच उपकरणे आहेत. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटपर्यंत भार घेतो असे त्याच्या खोक्यावर दिसते. माझा एसएमपीएस ४५० वॉटचा असल्याने तो पुरणार नाही, आणि म्हणून १००० किंवा ११०० व्हीएचा घेतला की ४५ मिनिटे मिळतील, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

---

हिशेबी

व्हीएचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि बॅटरी पाहा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. तुमचा भार समजा १२० वॉट असेल, तर ८४ भागिले १२० म्हणजे ०.७ तास, अर्थात ४२ मिनिटे. थोडक्यात, ६०० व्हीएचा यूपीएस तुम्हाला जवळजवळ पुरतो आणि मोठा घेण्याची गरज नाही.

---

मापारी

हिशेबी यांनी बॅटरीकडे लक्ष वेधले ते अगदी योग्य केले, कारण व्हीए आणि वॉट हे आकडे यूपीएस किती भार उचलू शकतो एवढेच सांगतात. तो भार किती वेळ उचलता येईल हे केवळ बॅटरीवर ठरते. ११०० व्हीएच्या दोन यूपीएसपैकी एकात एक बॅटरी आणि दुसऱ्यात दोन बॅटऱ्या असू शकतात, आणि खोक्यावरचा मोठा आकडा दोन्हीवर सारखाच असतो.

परंतु ४२ मिनिटांचे उत्तर प्रत्यक्षापासून फार दूर आहे. १२० वॉटच्या भाराला ७ अँपिअर-तासांची एक नवी बॅटरी बारा ते चौदा मिनिटेच साथ देईल. हा फरक कोठून येतो ते समजले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

पहिले कारण असे की, बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास हे ती वीस तासांत, म्हणजे सुमारे ०.३५ अँपिअरने, हळूहळू रिकामी केली तर मिळतात. शिसे-आम्ल बॅटरीतून प्रवाह जितका जोरात ओढावा तितकी तिच्यातून मिळणारी एकूण ऊर्जा कमी होते, कारण प्लेटच्या आतल्या छिद्रांपर्यंत आम्ल पुरेशा वेगाने पोहोचत नाही आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात व्होल्टेजही पडते. छापील ८४ वॉट-तासांच्या याच बॅटरीतून तासाभरात रिकामी केल्यास सुमारे ४८, अर्ध्या तासात रिकामी केल्यास सुमारे ४२ आणि पाव तासात रिकामी केल्यास ३५ वॉट-तास पदरात पडतात. उत्पादकांच्या माहितीपत्रकात ठरावीक वॉट आणि मिनिटे यांचा तक्ता असतो. अँपिअर-तासांच्या आकड्याऐवजी तोच पाहावा.

दुसरे कारण इन्व्हर्टरचे. बॅटरीची एकदिश वीज प्रत्यावर्ती करताना लहान यूपीएस साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत घालवतो. त्यामुळे टेबलावर १२० वॉट हवे असतील तर बॅटरीतून १५० वॉट ओढले जातात, आणि १५० वॉटला ही बॅटरी पाव तासही पुरत नाही.

चौकस, एसएमपीएसवरचे ४५० वॉट ही त्याची कमाल क्षमता आहे. संगणक प्रत्यक्षात किती वीज घेतो त्याच्याशी तिचा संबंध नाही. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळवा आणि तीन वेगवेगळ्या स्थितींत मोजून येथे लिहा: साधे लिखाणकाम, व्हिडिओ बैठक आणि तुमच्या कामात येणारा सर्वांत जड भार. मीटर व्हीए आणि वॉट दोन्ही दाखवत असेल, तर वेळेच्या हिशेबासाठी वॉटच घ्यावेत.

---

हिशेबी

वीस तासांची अट मला माहीत नव्हती. माझ्या दुचाकीच्या बॅटरीवर तसे काही लिहिलेले नाही, त्यामुळे हा आकडा कोणत्याही प्रवाहाला लागू पडतो असे मी समजत होतो. मात्र एक सुचवतो: ६०० व्हीएचाच यूपीएस घ्यावा, आतली छोटी बॅटरी काढावी आणि तारा बाहेर आणून १०० अँपिअर-तासांची मोठी बॅटरी जोडावी. मग हे सगळे बारकावे गौण ठरतात.

---

मापारी

कृपया असे करू नका. तासांचा हिशेब त्याने सुटतो हे खरे आहे. पण लहान यूपीएसमधील ट्रान्सफॉर्मर आणि मॉसफेट हे दहा-पंधरा मिनिटे तापण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात, कारण त्यानंतर आतली बॅटरी संपणारच असते. बॅटरी संपेनाशी झाली की ते तापतच राहतात. आतला चार्जरही एखादा अँपिअर किंवा त्याहून कमी देणारा असतो. १०० अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी त्यावर भरायला चार दिवसांहून अधिक काळ लागेल, आणि मध्ये पुन्हा वीज गेली तर ती कायम अर्धवट भरलेलीच राहील. शिसे-आम्ल बॅटरी त्या अवस्थेत लवकर खराब होते. बाहेरून बॅटरी जोडण्याची सोय उत्पादकानेच दिलेले यूपीएस वेगळे असतात. तासन्‌तास बॅकअप हवा असेल तर ते घ्यावेत, किंवा त्या कामासाठीच बनवलेला इन्व्हर्टर घ्यावा.

---

रोहिणी

माझा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्याकडे लॅपटॉप आहे, त्यामुळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर मी फक्त राउटर आणि ओएनटी ठेवले आहेत. दोन्ही मिळून १५ वॉटच्या आसपास घेतात. ८४ भागिले १५ म्हणजे साडेपाच तास चालायला हवे होते, पण नवीन असतानाही सव्वादोन-अडीच तासांपलीकडे ते कधी गेले नाही. मापारी म्हणतात त्याप्रमाणे भार कमी असेल तर बॅटरी अधिक ऊर्जा देते. मग येथे उलट का झाले? यूपीएस सदोष आहे का?

---

मापारी

रोहिणीताई, यूपीएस बहुधा ठीक आहे. इन्व्हर्टरला स्वतः चालू राहण्यासाठीही वीज लागते, आणि लहान यूपीएसमध्ये ती १० ते १५ वॉट असणे अगदी सामान्य आहे. मोठ्या भारात हा खर्च फारसा जाणवत नाही, पण १५ वॉटच्या भारासाठी तो भाराइतकाच होतो. बॅटरीतून प्रत्यक्षात २७-२८ वॉट जात असतील आणि त्या वेगाने तिच्यातून ६५ वॉट-तासांच्या आसपास मिळत असतील, तर वेळ जवळजवळ तुम्ही लिहिलीत तेवढीच येते.

राउटरसाठी वेगळा उपाय अधिक चांगला आहे. बहुतेक राउटर आणि ओएनटी आतून १२ व्होल्ट एकदिश विजेवरच चालतात. बॅटरीची वीज प्रत्यावर्ती करायची आणि मग अडॅप्टरने पुन्हा एकदिश करायची, हा वळसा टाळणारे छोटे डीसी यूपीएस मिळतात. ते अडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतात. त्यांच्यावरील मिलीअँपिअर-तासांचा आकडा बहुतेक वेळा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. ८८०० लिहिलेले असेल तर ८.८ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास होतात. रूपांतरातील घट वजा जाता २७ उरतात आणि १५ वॉटला ते पावणेदोन तासांच्या आसपास पुरतात. तुमच्या यूपीएसमधील ८४ वॉट-तासांच्या बॅटरीपेक्षा कितीतरी लहान साठा असूनही वेळेत फार मोठा फरक पडत नाही.

घेण्यापूर्वी दोन्ही अडॅप्टरवरील व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची ध्रुवता तपासा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, आणि चुकीच्या सॉकेटमधून १२ व्होल्ट दिल्यास ते जळू शकतात.

---

बिनतारी

राउटरच्या बॅकअपवर खर्च करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. घरातील राउटर चालू राहिला तरी इंटरनेट चालू राहीलच असे नाही. फायबर थेट घरातील ओएनटीपर्यंत येत असेल तर वाटेतील विभाजक विजेशिवाय चालतात आणि पलीकडच्या केंद्रात बॅकअप असतो, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण इमारतीच्या जिन्यात स्विच बसवून तेथून इथरनेटची तार घरात आणली असेल, तर वीज गेल्याबरोबर तो स्विच बंद पडतो. मग आपल्या राउटरला दहा तासांचा बॅकअप असला तरी तो निरुपयोगी ठरतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा राउटर कशावर तरी चालू ठेवून पाहावा.

---

चौकस (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एका मित्राकडून वॉटमीटर आणून मोजमाप केले. लिखाणकाम करताना संगणक ६८ वॉट घेतो, व्हिडिओ बैठकीत ८५ आणि प्रोग्राम संकलित करताना १३० पर्यंत जातो. मॉनिटर २२ वॉट, राउटर ९ आणि ओएनटी ६. बैठकीच्या वेळी एकूण १२२ वॉट होतात. मी तीनशेहून अधिक वॉट गृहीत धरून बसलो होतो. आता हिशेब कसा पुढे न्यावा? फायबर थेट घरातच येते, त्यामुळे बिनतारी यांनी सांगितलेली अडचण मला नसावी.

---

मापारी

हे आकडे हाती आल्यावर काम सोपे झाले. हिशेब भाराकडून बॅटरीकडे, असा उलट मांडू.

१२२ वॉट पाऊण तास हवेत, म्हणजे टेबलावर ९१.५ वॉट-तास. इन्व्हर्टरची घट धरून ते ०.८ ने भागले की बॅटरीतून ११४ वॉट-तास निघाले पाहिजेत. बॅटरी कायम नवी राहणार नाही. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ती बदलण्यायोग्य मानतात, आणि शेवटच्या वर्षातही ४५ मिनिटे हवी असतील तर पुन्हा ०.८ ने भागावे. आता १४३ वॉट-तास झाले. पाऊण तासात रिकामी होणारी ७ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४५ वॉट-तास देते. १४३ भागिले ४५ म्हणजे तीनहून किंचित अधिक बॅटऱ्या. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये एकच असते, आणि ११०० व्हीएच्या गटात सहसा दोन असतात.

आता राउटर आणि ओएनटी वर सांगितलेल्या डीसी यूपीएसवर हलवा. टेबलावरील भार १०७ वॉट उरतो. ११०० व्हीए, ६६० वॉटचा आणि ९ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांचा यूपीएस घेतला, तर पाऊण तासाच्या वेगाने त्या दोघींतून सुमारे ११९ वॉट-तास मिळतील. इन्व्हर्टरनंतर ९५ उरतात. ९५ भागिले १०७ म्हणजे नवीन असताना ५३ मिनिटे, आणि क्षमता ८० टक्क्यांवर आल्यावर ४३ मिनिटांच्या आसपास. शेवटच्या वर्षात दोन मिनिटे कमी पडतील, पण मॉनिटरचा उजेड थोडा कमी केला तरी ती भरून निघतील.

माझ्या मते तुमच्यासाठी हीच मांडणी योग्य आहे. एकाच मोठ्या यूपीएसवर सगळे ठेवण्यापेक्षा ती बरी, कारण संगणकाला तुम्हाला पाऊण तास पुरतो, पण संगणक बंद केल्यावर फोनवरून तरी संपर्कात राहायचे असेल तर राउटर अधिक वेळ चालू ठेवावा लागेल. भार उचलण्याचा प्रश्न तुम्हाला मुळातच नव्हता. संकलन करताना संगणक आणि मॉनिटर मिळून १५२ वॉट होतात, ते ३६० च्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत. मात्र बैठकीऐवजी संकलन चालू असताना वीज गेली तर ४५ मिनिटे मिळणार नाहीत, नव्या बॅटरीवरही ती पस्तीसच्या खाली जातील.

---

कुंपण

आतापर्यंत कोणी लहरीच्या आकाराबद्दल लिहिलेले नाही. या गटातील बहुतेक स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन लहर देत नाहीत, पायऱ्यांची लहर देतात. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे सक्रिय सर्किट असेल तर वीज गेल्याच्या क्षणीच संगणक बंद पडू शकतो किंवा यूपीएस अतिभार दाखवू शकतो. माझ्याकडे नेमके असेच झाले होते. भार यूपीएसच्या क्षमतेच्या एक तृतीयांशही नव्हता. शुद्ध साइन लहरीचा यूपीएस लावल्यावर ती अडचण गेली. म्हणून चौकस यांनी शुद्ध साइन लहरीचाच घ्यावा.

---

बिनतारी

तशाच सर्किटचा एसएमपीएस मी कित्येक वर्षे पायऱ्यांच्या लहरीवर चालवत आहे आणि तो एकदाही बंद पडलेला नाही. त्यामुळे हा नियम म्हणून सांगणे मला पटत नाही.

---

मापारी

दोन्ही अनुभव खरे असू शकतात. वीज गेल्यावर यूपीएस बॅटरीवर येईपर्यंत साधारण ४ ते १० मिलीसेकंद जातात. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलीसेकंद तग धरतो, पण नंतर येणाऱ्या पायऱ्यांच्या लहरीत शून्य व्होल्टेजचा टप्पा असतो आणि त्यापुढच्या उसळीला कोणते सर्किट कसे सामोरे जाईल, हे जोडीजोडीवर अवलंबून असते. चौकस यांच्या एसएमपीएसबाबत येथे बसून ठामपणे सांगता येणार नाही. परत करण्याची मुदत असेल अशा ठिकाणाहून यूपीएस घ्यावा आणि मुदतीत तपासून पाहावा. शंका मुळीच नको असेल, तर कुंपण यांचा सल्ला मानावा.

---

चौकस (धागाकर्ता)

तपासणी नेमकी कशी करावी? प्लग उपटून घड्याळ लावले की पुरे का?

---

मापारी

प्लग उपटू नका, भिंतीवरील बटण बंद करा. प्लग काढला की अर्थिंगही तुटते; बटणाने ते टिकते. त्याआधी यूपीएस रात्रभर भरू द्यावा, कारण नव्या खोक्यातील बॅटरी अर्धवट भरलेली असते आणि पहिलाच निकाल वाईट येतो. पहिल्या चाचणीत महत्त्वाची कोणतीही फाईल उघडी नसावी. संगणकावर जड काम चालू ठेवून बटण चार-पाच वेळा चालू-बंद करा. लहरीची अडचण असेल तर ती येथेच दिसेल. दुसऱ्या चाचणीत बैठकीएवढा भार ठेवून घड्याळ लावा आणि बॅटरी संपेपर्यंत न थांबता ४५ मिनिटांनी वीज परत द्या. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते.

---

रोहिणी

यूपीएसला यूएसबीची तार असते, तिने संगणक आपोआप बंद करता येतो ना? मग स्क्रीनवर दिसणाऱ्या उरलेल्या मिनिटांवर विसंबून राहिले तर चालेल का?

---

बिनतारी

आपोआप बंद करता येतो, पण त्या मिनिटांवर मी विसंबत नाही. लिनक्सवर नट हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम वापरत असाल तर असे काही दिसते:

```
$ upsc ups@localhost
battery.charge: 100
battery.runtime: 3120
ups.load: 16
```

येथे `battery.runtime` सेकंदांत आहे, म्हणजे ५२ मिनिटे. `ups.load` ही क्षमतेची टक्केवारी आहे. ६६० वॉटचे १६ टक्के म्हणजे सुमारे १०५ वॉट, आणि मीटरच्या आकड्याशी ते जुळते का हे पाहता येते. अडचण अशी की स्वस्त यूपीएस उरलेली वेळ केवळ बॅटरीच्या व्होल्टेजवरून ठरवतात. बॅटरी जुनी झाली की आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि मग ६० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येतो. म्हणून मी टक्केवारीऐवजी वीज गेल्यापासूनच्या वेळेवर संगणक बंद करतो. `upssched.conf` मध्ये या दोन ओळी आहेत:

```
AT ONBATT * START-TIMER onbatt 2100
AT ONLINE * CANCEL-TIMER onbatt
```

२१०० सेकंद, म्हणजे ३५ मिनिटांनी माझी स्क्रिप्ट संगणक बंद करते. वीज मध्येच परतली तर घड्याळ रद्द होते. संगणक बंद झाल्यावर यूपीएसचा पुरवठाही तोडण्याची आज्ञा दिलेली असेल, तर त्याच यूपीएसवरील राउटरही बंद पडतो. राउटर वेगळा ठेवण्याचा हा आणखी एक फायदा.

---

कुंपण

यूपीएस टेबलाखालच्या बंद कपाटात ठेवू नका, एवढे जोडतो. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. माझा पहिला संच कपाटात होता आणि दोन वर्षेही टिकला नाही.

---

चौकस (धागाकर्ता)

९ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांचा यूपीएस आणि राउटरसाठी डीसी यूपीएस, दोन्ही आणले आणि मापारी यांच्या सांगण्याप्रमाणे रात्रभर भरून तपासले. बैठकीच्या भारावर ४५ मिनिटांनी वीज परत दिली तेव्हा यूपीएस अजून चालू होता, पण कमी बॅटरीची सूचना वाजू लागली होती. जड कामात बटण चार वेळा बंद केले तेव्हा काही झाले नाही, पाचव्या वेळी मात्र मॉनिटर क्षणभर काळा झाला आणि परत आला. संगणक चालूच राहिला. हे लहरीमुळे असेल की मॉनिटरच्या अडॅप्टरमुळे?

---

मापारी

४५ मिनिटांना सूचना वाजली हे हिशेबाशी जुळते. मॉनिटरचा अडॅप्टर संगणकाच्या एसएमपीएसपेक्षा कमी तग धरतो, असे बरेचदा आढळते. एकदा फक्त मॉनिटर भिंतीच्या सॉकेटवर आणि संगणक यूपीएसवर ठेवून, आणि एकदा उलट करून, तीच चाचणी करा. दोन्हींमध्ये काय दिसते ते लिहा, मग परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ठरवता येईल.

---

कुंपण

तोपर्यंत यूपीएसचे खोके टाकून देऊ नका.